चेनवालीचे दोन निकाल

बाजारात तिला सगळे चेनवाली म्हणायचे. बॅगा, पर्स, जाकिटं, दप्तरं, कशाचीही चेन बिघडली की लोक तिच्याकडे यायचे. जुन्या इमारतीच्या जिन्याखाली तिचं दुकान होतं. दुकान कसलं! एक टेबल, एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि ताठ उभं राहिलं तर डोकं आपटेल असा उतरता जिना. ही जागा मूळ तिच्या नवऱ्याची. तो पाट्या रंगवायचा आणि रंगाचे डबे इथे ठेवायचा. नऊ वर्षांपूर्वी तो हार्ट अटॅकने गेला. मूलबाळ नव्हतं. डबे गेले, मशीन आलं, आणि तिचे दिवस चेनींचे दात जुळवण्यात जाऊ लागले.

माणूस म्हणून ती अबोल नव्हती. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायची, शेजारच्या घड्याळवाल्याशी चहावरून भांडायची. पण दुकान बंद करून घरी गेली की दुसऱ्या दिवशी दुकान उघडेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नसे. एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारी दूधवाल्याने दार वाजवलं, तर 'कोण?' म्हणताना तिचा आवाज फुटला, खाकरावं लागलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आदल्या संध्याकाळपासून आपण काहीच बोललेलो नाही.

शिबिराला ती गेली ती अशाच एका सुट्टीच्या दिवशी. वाचनालयाच्या सभागृहात बायकांची मोफत तपासणी आहे, चाळिशीच्या पुढच्यांनी जरूर यावं, असा फलक तिने येताजाता पाहिला होता. तिला सत्तेचाळिसावं चालू होतं. दुखत खुपत काही नव्हतं. खरं सांगायचं तर आजाराची भीती तिला तिथे घेऊन गेली नाही. बाहेर कुठेतरी जायला कारण मिळालं, एवढंच.

सभागृहात बायकांची गर्दी होती. बहुतेक जणी जोडीने आल्या होत्या. जावा-जावा, मायलेकी, शेजारणी. टेबलाशी बसलेली परिचारिका माहिती लिहून घेत होती. तिशी-पस्तिशीची, केस घट्ट बांधलेली, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघणारी. तिला सगळे सिस्टर म्हणत होते.

"मावशी, घरच्या कुणाचा नंबर द्या. तुमचा फोन लागला नाही तर असावा."

चेनवालीने थोडा विचार केला आणि पुन्हा स्वतःचाच नंबर सांगितला. सिस्टरने वर पाहिलं. मग तोच पुन्हा लिहून घेतला.

बाहेर अंगणात एक मोठी गाडी उभी होती, तिच्यात स्तनांचा एक्स-रे काढायचं यंत्र होतं. आतल्या मुलीने तिला नीट उभं केलं, एकेक स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबला, 'श्वास धरा' म्हटलं. दोन्हीकडचे वरून एक आणि तिरका एक असे फोटो निघाले. दुखलं, पण क्षणभरच. मग सभागृहाच्या मागच्या खोलीत पडद्याआड झोपवून एका डॉक्टरबाईंनी गर्भाशयाच्या तोंडावरून छोट्या ब्रशने पेशी घेतल्या.

"ही पॅपची तपासणी," सिस्टर तिला खाली उतरायला हात देत म्हणाली. "हिचा निकाल सावकाश येतो, तीन-चार आठवडे धरा. एक्स-रेचा त्याआधी कळेल."

घरी जाताना चेनवालीला बरं वाटत होतं. कुणीतरी हात दिला होता, कुणीतरी 'दुखलं का' विचारलं होतं.

आठवड्याभरात फोन आला. ती एका प्रवासी बॅगेच्या चेनीचा रनर पक्कडीने काढत होती. सिस्टरच होती.

"मावशी, घाबरायचं काही नाही, आधी ऐकून घ्या. डाव्या बाजूच्या फोटोत एक जागा नीट दिसत नाहीये. म्हणून पुन्हा फोटो आणि सोनोग्राफी करायला मोठ्या रुग्णालयात बोलावलंय. याचा अर्थ कॅन्सर आहे असा नाही. पुष्कळ जणींना असं बोलवावं लागतं..."

सिस्टर बरंच बोलली. चेनवालीने 'डाव्या बाजूच्या' एवढंच ऐकलं. पुढचं सगळं कानावरून गेलं. फोन ठेवल्यावर ती रनर शोधू लागली. तो तिच्या मुठीतच होता.

घरी गेल्यावर तिने आरशासमोर उभं राहून डाव्या बाजूला हात लावून पाहिलं. काही लागलं नाही, मग काहीतरी लागलं असं वाटलं, मग पुन्हा नाही. जेवण गेलं नाही. शेवटी तिने बहिणीला फोन लावला.

धाकटी बहीण, घरातली छोटी, दिवसभराच्या बसप्रवासावरच्या गावी शाळेत शिकवत होती. तिचा संसार, सासू, दोन मुलं, शाळेच्या तपासायच्या पेपरांची चळत. सणासमारंभाला बोलणं व्हायचं, एरवी नाही. भांडण नव्हतं, फक्त वेळ नव्हता. छोटीकडे नव्हता, आणि चेनवालीकडे असलेला वेळ एकटीने बोलायच्या कामाचा नव्हता.

"मी येते," छोटी म्हणाली. "तू एकटीने जायचं नाहीस. ताई, तू रडतेयस का?"

"नाही ग. सर्दी झालीय."

आणि छोटी खरंच आली. रजा टाकून, हातात एक बॅग घेऊन, दारातच गळ्यात पडली. त्या तीन दिवसांचं चेनवालीला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. घरात दोन कप विसळले जात होते. छोटी स्वयंपाकघरात डबे उघडून 'हे काय, हळद कुठे ठेवतेस?' म्हणून ओरडायची, आणि त्या ओरडण्याने घर भरून जायचं. दोघी एकाच पलंगावर झोपल्या, लहानपणी झोपायच्या तशा, आणि वडील घोरायचे त्यावरून हसल्या. मरणाची भीती उशाशी होती, आणि तरीही चेनवालीला असं वाटत होतं, की इतकं चांगलं मला कधीपासून झोपायला मिळालं नव्हतं.

रुग्णालयात सिस्टर भेटली. शिबिरातून बोलावलेल्या बायकांना आत नेऊन सोडणं, त्यांना समजावणं हे तिचंच काम होतं. बाकावर दोघी बहिणींच्या मध्ये जागा करून ती बसली.

"फोनवर तुम्ही काही ऐकलं नसणार," ती म्हणाली. "कुणीच ऐकत नाही. आता नीट सांगते. शंभर जणींचे फोटो काढले, तर आठ-दहा जणींना आम्ही परत बोलावतो. त्यातून खरा कॅन्सर किती जणींना निघतो माहितेय? दोनशे-तीनशे बायका तपासाव्यात तेव्हा एखादी. म्हणजे परत बोलावलेल्यांतल्या बहुतेक सगळ्या 'काही नाही' ऐकून घरी जातात."

"मग बोलावता कशाला?" छोटीने विचारलं. मास्तरणीचा आवाज.

"कारण ती एखादी कोण, ते पहिल्या फोटोवरून कळत नाही. आणि मावशींचा हा आयुष्यातला पहिलाच फोटो. आधीचा असता तर शेजारी ठेवून पाहिला असता, ही जागा पूर्वीपासून अशीच आहे का ते. पहिल्या खेपेला बोलावणं जास्त होतं ते त्यामुळेच."

चेनवाली पहिल्यांदाच बोलली. "माझ्याकडे पण येतात, चेन गेली म्हणून. अर्ध्यांची चेन ठीकच असते, धागा अडकलेला असतो."

सिस्टर हसली. "मग तुम्हाला सांगायला नको."

डाव्या बाजूचा फोटो पुन्हा काढला, या वेळी छोट्या पट्टीने नेमकी तेवढीच जागा दाबून. मग सोनोग्राफी. थंड जेल, छातीवरून फिरणारं यंत्र, पडद्याकडे बघणाऱ्या डॉक्टरबाई. त्यांनी निकाल त्याच दिवशी सांगितला.

"आतले थर एकावर एक आले होते, त्याची सावली पडली. दाबून पाहिल्यावर थर वेगळे झाले, सावली गेली. सोनोग्राफीतही काही नाही. आता वर्षाने नेहमीसारखी तपासणी करा."

छोटीने देवाचं नाव घेतलं आणि भर दवाखान्यात ताईचे गालगुच्चे घेतले. बाहेर पडताना सिस्टर म्हणाली, "मावशी, पॅपचा निकाल अजून यायचाय हं. तो वेगळा. आला की कळवते." दोघींनी माना हलवल्या. आनंदात माणूस कशालाही मान हलवतो.

दुसऱ्या दिवशी बसस्थानकावर छोटी खिडकीतून म्हणाली, "पुढच्या वेळी आधी त्यांना नीट विचार, मग मला फोन कर बाई. माझा जीव अर्धा झाला होता. आणि शाळेत परीक्षा चालू असताना मी रजा टाकून आले." ती हसतच म्हणाली. बसही लगेच सुटली. पण ते वाक्य चेनवालीच्या मनात रुतून बसलं.

पुढे काय झालं ते सांगायला ती लाजायची. चांगली बातमी घेऊन ती घरी आली, दुसरा कप फडताळात ठेवला आणि पलंगावर बसून रडली. आपल्याला काही झालेलं नाही, याचंच रडू आल्यासारखं तिला वाटलं, आणि त्याची तिला स्वतःची शरम वाटली. पहिला आठवडा छोटीचा रोज फोन आला. मग एक दिवसाआड. मग 'ताई, पेपर आलेत, करते नंतर.' मग तोही बंद झाला. छोटीचं काही चुकत नव्हतं. बरं असलेल्या माणसाला रोज कोण फोन करतं?

अशात सिस्टरचा दुसरा फोन आला.

"मावशी, पॅपचा निकाल आलाय. थोडं बोलायचंय. इकडे येता का? कॉल्पोस्कोपी म्हणून एक तपासणी करावी लागेल."

 या वेळी चेनवालीला भीतीपेक्षा राग जास्त आला.

"सिस्टर, तुम्ही एकदा घाबरवलंत तेवढं पुरे झालं. पुन्हा काही निघायचं नाही. माझी बहीण नोकरी सोडून धावत आली होती."

"मावशी, हे वेगळं आहे..."

"धागाच अडकला असणार," असं म्हणून तिने फोन ठेवला.

नंतर दोनदा फोन वाजला, तिने उचलला नाही. दुकानात काम होतं. शाळा सुरू होण्याचे दिवस, दप्तरांचा ढीग. ती दिवसभर वाकून काम करायची आणि घरी जाऊन न बोलता झोपायची. छोटीला सांगावं असं मनात यायचं. फोन हातात घ्यायची. पण काय सांगणार? पुन्हा काहीतरी निघालंय म्हणून? आणि पुन्हा काहीच निघालं नाही तर? छोटी म्हणायची नाही, पण तिला वाटेल, ताईला माणसं जमवायची सवय लागली. आणि ते खरंच असलं तर? या प्रश्नापाशी येऊन ती फोन खाली ठेवायची.

एका दुपारी घड्याळवाला जेवायला गेला होता आणि बाजार सुस्तावला होता. जिन्याखाली सावली पडली. चेनवालीने मान वर केली तर सिस्टर उभी होती. गणवेश नव्हता, म्हणून ओळखायला क्षण लागला.

"डोकं सांभाळा," चेनवाली म्हणाली. मग म्हणाली, "बहीण यायची थांबली, सिस्टर आली."

सिस्टर वाकून आत आली, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली. "फोन उचलत नाही, म्हणून आले. न सांगता सोडून दिलं असतं तर मला झोप लागली नसती. ऐकून घ्या, मग नाही म्हणालात तर मी उठून जाईन. जबरदस्ती नाही."

चेनवालीने हातातलं दप्तर खाली ठेवलं नाही, पण मशीनचं चाक थांबवलं.

"मागच्या वेळी तुम्हाला विनाकारण भीती बसली, ते खरं आहे," सिस्टर म्हणाली. "तुम्ही चिडलात त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पण तो एक्स-रे होता, छातीचा. हा निकाल दुसऱ्याच जागेचा, दुसऱ्याच तपासणीचा. एक फुसका निघाला म्हणून दुसरा फुसका, असं नसतं. त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही."

"पॅपमध्ये चुका होत नाहीत?"

"होतात. मी खोटं सांगणार नाही. कधी पेशी पुरेशा आलेल्या नसतात, कधी जंतुसंसर्गाने सूज असते, कधी अगदी हलका फरक दिसतो आणि तो आपोआप बरा होतो. तुमचा निकाल तसा हलका असता तर मीच म्हणाले असते, चिंता करू नका, एक चाचणी करू, नाहीतर काही महिन्यांनी पुन्हा पॅप करू. पण तुमचा निकाल हलका नाही. पेशींमध्ये बराच बदल दिसलाय. इतका बदल दिसतो तेव्हा तो बहुतेक वेळा खरा असतो."

चेनवालीने दप्तर मांडीवर ठेवलं. "म्हणजे कॅन्सर."

"नाही. बहुधा नाही. त्याच्या आधीची पायरी. तशाच सोडल्या तर यातल्या काही पेशींचा पुढे, कित्येक वर्षांनी, कॅन्सर होतो. सगळ्यांचा होत नाही, पण कुणाचा होईल ते सांगता येत नाही, म्हणून काढून टाकतात. आणि वेळेवर काढल्या की बहुतेकींचा प्रश्न तिथेच मिटतो. पॅप करतात ते ह्याचसाठी मावशी, कॅन्सर शोधायला नव्हे, त्याच्या आधीच गाठायला. पण पॅप हा नुसता इशारा आहे. खात्री करायला दुर्बिणीतून बघावं लागतं आणि छोटासा तुकडा काढून तपासावा लागतो."

एक बाई हातात पर्स घेऊन डोकावली. "होईल का?" चेनवालीने पर्स घेतली, चेन पाहिली, "उद्या या," म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला, ह्याचं तिलाच नवल वाटलं. बाई गेल्यावर तिने हळूच विचारलं, "हे होतं कशाने?"

"एका विषाणूने. शरीरसंबंधातून येतो. फार सामान्य आहे, बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि निघूनही जातो. काहींच्यात राहतो."

"सिस्टर, माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी..." तिने वाक्य सोडून दिलं.

"माहितेय. म्हणून तर सांगते. तो विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कुणाकडून आला, कधी आला, कोणीच सांगू शकत नाही. त्यावरून तुमच्या किंवा त्यांच्या वागण्याबद्दल काही म्हणता येत नाही. आणि तसं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा."

 चेनवाली एकदम हसली, कोरडं. "त्याचं सगळं देऊन टाकलं मी. कपडे, ब्रश, रंग. आणि हे राहिलंच होतं होय!" आणि हसता हसता तिचे डोळे भरले. नवऱ्याशी भांडायला, त्याला विचारायला, निदान त्याच्यावर चिडायला तो समोर नव्हता. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला त्याच्याशी बोलायची इतकी गरज वाटली होती, आणि तीही अशा गोष्टीसाठी.

सिस्टरने तिच्या मनगटावर हात ठेवला. घाई केली नाही.

"बहिणीला सांगा," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"नाही. मागच्या वेळी काही निघालं नाही, तर तिची रजा फुकट गेली."

"काही निघालं नाही म्हणजे फुकट?"

 चेनवालीने कधी यायचं तेवढं विचारलं.

ती एकटीच गेली. कॉल्पोस्कोपीच्या खोलीत डॉक्टरबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पाणी लावलं, झोंबलं. बदललेल्या पेशी त्याने पांढऱ्या दिसतात, असं त्यांनी सांगितलं आणि दुर्बिणीतून बघून चिमटा काढल्यासारखा एक तुकडा घेतला. त्याचा निकाल यायला पुन्हा थांबणं आलं. पहिल्या वेळच्या थांबण्यात छोटी होती. या वेळी घरात फक्त नळाचा आवाज होता. चेनवाली कामावरून उशिरा निघू लागली. घड्याळवाला म्हणायचा, "घरी कुणी वाट बघत नाही का?" आणि म्हटल्यावर जीभ चावायचा.

तुकड्याचा निकाल आला. सिस्टरने तो तिला समोर बसवून वाचून दाखवला. पेशी खरंच बदललेल्या होत्या, बऱ्याच पुढे गेलेल्या, पण वरच्याच थरात; खाली शिरलेल्या नव्हत्या. म्हणजे कॅन्सर नव्हता.

"या वेळी धागा नव्हता," चेनवाली म्हणाली.

"नव्हता," सिस्टर म्हणाली.

उपचार मोठा नव्हता. ती जागा बधिर करून वीज सोडलेल्या बारीक तारेच्या फासाने बदललेला भाग खरवडावा तसा काढून टाकायचा, आणि त्याच दिवशी घरी. बरोबर कुणालातरी आणा, असं सांगितलं होतं. चेनवालीने मान हलवली आणि एकटी गेली. उपचार झाल्यावर दुसऱ्या बायकांचे नवरे, लेकी, सासवा बाहेर बाकांवर बसलेल्या दिसल्या. प्रत्येक जण आतून येणाऱ्या बाईकडे बघून उठत होता, आपली नाही कळल्यावर बसत होता. ती बाहेर आली तेव्हाही चार-पाच जण उठले आणि बसले.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. पोटात ओढ बसत होती. घरी येऊन तिने चहा केला, पाव बुडवून खाल्ला आणि सांगितलं होतं तशी पडून राहिली. काही दिवस थोडा रक्तस्राव, पाण्यासारखा स्राव होईल, जड उचलू नका, जास्त रक्त गेलं किंवा ताप आला तर लगेच या, हे सगळं सिस्टरने दोनदा सांगितलं होतं. या वेळी तिने शब्दन् शब्द ऐकला होता. ऐकायला दुसरं कुणी बरोबर नव्हतं ना.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. "पोहोचलात? कोण आहे बरोबर?"

"आहेत की," ती म्हणाली. खोटं बोलण्याचं तिला वाईट वाटलं नाही. सिस्टरलाही घर होतंच.

काढलेल्या भागाच्या कडा तपासणीत स्वच्छ निघाल्या, म्हणजे बदललेलं काही मागे राहिलं नव्हतं. आता सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, मग तीन वर्षं दर वर्षी, आणि त्यानंतरही अधूनमधून, वीस-पंचवीस वर्षं.

"म्हणजे वीस-पंचवीस वर्षं मला कुठे जाता येणार नाही," चेनवाली म्हणाली. सिस्टर मोठ्याने हसली आणि म्हणाली, "नाहीच जायचं. आणि वर्षाने छातीचा फोटोही काढायचाय. पुन्हा बोलावलं तर चिडायचं नाही."

"चिडीन. पण येईन."

छोटीला कळलं ते पावसाळा संपल्यावर, एका लग्नाचं आमंत्रण द्यायला तिने फोन केला तेव्हा. चेनवालीने बोलता बोलता सांगून टाकलं, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतेय. 

"तू एकटी गेलीस?" छोटी म्हणाली. "तारेने कापलं आणि तू बसने घरी आलीस?"

"बसायला जागा होती."

"मला का नाही सांगितलंस?"

"पुन्हा काही निघालं नसतं तर?"

"ताई, काही निघू नये म्हणूनच मी आले होते ना!" छोटी ओरडली. रडत होती. "तुला काय वाटलं, तुला कॅन्सर निघाला असता तर माझी रजा वसूल झाली असती?"

 खरं म्हणजे चेनवालीला तसंच वाटलं होतं. छोटीने रागाने फोन ठेवला आणि त्यानंतर कितीतरी दिवस केला नाही. लग्नाला दोघी भेटल्या तेव्हा छोटी आधी फुगूनच होती. जेवणाच्या पंगतीत मात्र तिने आपल्या ताटातला पदार्थ न विचारता ताईच्या ताटात वाढला. निघताना चेनवालीने तिला बाजूला घेतलं. "तू केलीस का तपासणी? चाळिशी उलटली तुझी." छोटी म्हणाली, "वेळ कुठाय?" चेनवालीने तिला मंडपाच्या कोपऱ्यात उभं करून सगळं सांगितलं. परत बोलावलं तर काय समजायचं, काय समजायचं नाही, कुठला निकाल हलका, कुठला नाही. छोटी शहाण्या विद्यार्थिनीसारखी ऐकत राहिली.

सहा महिन्यांच्या तपासणीचा निकाल घ्यायला चेनवाली दुकान बंद ठेवून गेली. विषाणू सापडला नव्हता. सिस्टरने तिचे दोन्ही हात धरले, मग पुढच्या बाईचा नंबर आला आणि तिला जावं लागलं. चेनवाली रुग्णालयाच्या फाटकाबाहेर आली. रस्त्यावर ऊन होतं, माणसं आपापल्या कामाला जात होती. चांगली बातमी सांगायला समोर कुणी नव्हतं. ती क्षणभर उभी राहिली, मग तिने छोटीला फोन लावला. शाळेची वेळ होती, छोटीने उचलला नाही.

ती दुकानात गेली. कुलूप काढलं, मशीनवरचं कापड बाजूला केलं. घड्याळवाल्याने विचारलं, "काय म्हणाले?" त्याला इतकंच ठाऊक होतं की ती दवाखान्यात जाते.

"सगळं चांगलं आहे."

"वा!" तो म्हणाला. भिंगातला डोळा न काढताच म्हणाला, पण म्हणाला.

तिने एक जाकीट उचललं, उसवलेली चेन टाचण्यांनी जागेवर लावायला घेतली. अर्ध्या टाचण्या तोंडात असताना फोन वाजला. छोटीच होती. चेनवालीने घाई केली नाही; एकेक टाचणी तोंडातून काढून डबीत ठेवली, हात पुसले आणि मग फोन कानाला लावला. "हं, बोल," ती म्हणाली, आणि शाळेच्या घंटेचा, मुलांच्या गलक्याचा आवाज जिन्याखाली आला.